सतराव्या मिनिटाला

"परत लाव. सोळाव्या मिनिटापासून," मॅडम म्हणाल्या.

मी रेकॉर्डिंग मागे घेतलं. महिन्यातून समुपदेशनाचं एक सेशन असं सुपरव्हायजरसमोर बसून ऐकायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. त्यासाठी त्या बाईंची लेखी संमती घेतलेली होती. नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या, तिशीतल्या बाई. इथे त्यांची ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. पहिली चार सेशन्स त्यांनी इकडचं तिकडचं सांगण्यात घालवली होती आणि त्यात काही गैर नव्हतं. समोरच्याला आपलं ओझं पेलेल का, हे माणूस आधी चाचपून बघतो. पाचव्या सेशनला त्या पहिल्यांदा त्या रात्रीकडे वळल्या.

रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज, सतरावं मिनिट: "…मग त्याने आतून कडी लावली. मला कडीचा आवाज आला. आणि मुलगी तिथेच…"

माझा आवाज: "मुलगी आता कुठे असते? तुमच्या आईकडेच ना?"

दोन सेकंद काहीच नाही. मग त्या: "हो. आईकडे."

"शाळा सुरू आहे ना तिची?"

"हो, आहे."

पन्नास मिनिटांच्या सेशनची उरलेली तेहतीस मिनिटं आम्ही शाळेचा दाखला, वकिलांनी दिलेली तारीख आणि झोपेच्या गोळ्या यांबद्दल बोललो. ती रात्र पुन्हा आली नाही. जाताना त्या "बरं वाटलं ताई" म्हणाल्या. मलाही सेशन चांगलं झालं असंच वाटलं होतं, म्हणून तर मी ते ऐकवायला निवडलं होतं.

मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं. "प्रश्न चांगला आहे. पण तो तू कुणासाठी विचारलास?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मुलीच्या काळजीने विचारला, असं म्हणणार होते. पण मुलगी आजीकडे सुखरूप आहे हे मला पहिल्या सेशनपासून माहीत होतं. फाइलमध्ये ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. "मुलगी तिथेच" याच्या पुढचं वाक्य मला ऐकायचं नव्हतं. बास, एवढंच होतं.

दुसऱ्यांचं दुःख ऐकून ऐकून येणारा करुणेचा थकवा म्हटलं की आपल्याला रडवेला, कोलमडलेला समाजसेवक दिसतो किंवा मग कोरडा ठणठणीत, कुणावरही खेकसणारा. दोन्ही खरे आहेत, पण ते फार पुढचे टप्पे. माझ्या अनुभवात हा थकवा पहिल्यांदा दिसतो तो कार्यक्षमतेच्या रूपात. काउन्सेलर अचानक कामाचं बोलायला लागतो. सल्ला लवकर येतो. "तुम्ही किती खंबीर आहात" हे वाक्य नेमकं अशा क्षणी येतं, जेव्हा समोरच्याला खंबीर नसण्याची मुभा हवी असते. हेल्पलाइनचा नंबर, अर्जाचा नमुना, श्वासाचा व्यायाम अशी एरवी उपयोगाची साधनं झाकणासारखी वापरली जातात. आघातावर काम करणाऱ्यांच्या लिखाणात याला "सायलेन्सिंग रिस्पॉन्स" म्हणतात, म्हणजे ऐकणाऱ्याने नकळत सांगणाऱ्याला गप्प करणं. आणि समोरचा माणूस गप्प होतोच. ज्यांनी वर्षानुवर्षं घरातल्या एका माणसाचा मूड बघून श्वास घेतला आहे, त्यांना आपला चेहरा वाचायला दोन सेकंद पुरतात. त्या दोन सेकंदांत त्या बाईंनी मला सांभाळून घेतलं होतं.

मॅडमनी मला घरचा अभ्यास दिला. गेल्या पाच महिन्यांतल्या केसनोंदी काढ आणि फक्त वाच. दुरुस्त करायच्या नाहीत.

मी एका शनिवारी बसले. सुरुवातीच्या महिन्यांतल्या नोंदी पाऊणएक पानाच्या होत्या. त्यांत माणसांचे शब्द अवतरणात होते: "पायऱ्यांचा आवाज आला की पोटात कालवतं", "मी भांडी घासत राहिले, कारण हात थांबले असते तर…" पुढे पुढे नोंदी आखडत गेल्या. शेवटच्या दीड महिन्यात त्या चार ओळींवर आल्या आणि अवतरणचिन्हं नाहीशी झाली. "क्लायंटने घटना सांगितली. भावनिक आधार दिला. पुढील कार्यवाहीबाबत माहिती दिली." हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मला अकरा फाइलींत सापडलं. अकरा वेगवेगळी माणसं. कुठली घटना, ते एकाही नोंदीवरून कळत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नव्हती, कारण तिचा कामाशी काही संबंध आहे असं मला वाटलंच नव्हतं. घरी मी रात्री दाराची कडी तपासायला लागले होते. एकदा लावायची, अंथरुणात पडायचं, पुन्हा उठायचं. कधी तीनदा, कधी चारदा. माझ्या घरात असं काही कधी घडलेलं नाही. ती भीती माझी नव्हतीच, ती कामावरून माझ्यासोबत आली होती.

करुणेच्या थकव्यासाठी कम्पॅशन फटीग हा शब्द 1992 मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी परिचारिकांबद्दल लिहिताना वापरला. पुढे 1995 मध्ये चार्ल्स फिगली या मानसशास्त्रज्ञांनी तो आघातग्रस्तांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी रूढ केला आणि त्याच्या गाभ्याशी असलेल्या गोष्टीला दुय्यम आघाताचा ताण म्हटलं. घटना एकावर घडते आणि तिची लक्षणं ऐकणाऱ्यात उमटतात. नको असताना डोळ्यांपुढे येणारी चित्रं, दचकणं, टाळाटाळ, सतत सावध राहणं. माझ्या कडीला तेव्हा नाव मिळालं.

बर्नआउट आणि हे एकच आहे असं आपण सर्रास धरतो, आणि त्यामुळे उपाय चुकतो. बर्नआउट हळूहळू चढतो आणि बहुतेकदा कामाच्या व्यवस्थेतून येतो. न संपणारे अहवाल, तुटपुंजा पगार, कुणी न ऐकणं, आपल्या कामाने काही फरक पडत नाही अशी भावना. तो कुठल्याही नोकरीत येऊ शकतो. दुय्यम आघात मात्र एखाद्या केसनंतर एका दुपारीही येऊ शकतो, आणि त्यात चित्रं असतात. बर्नआउट झालेल्याला सोमवारी कामावर जावंसं वाटत नाही. मला जावंसं वाटत होतं. मी हिरिरीने जात होते. फक्त तिथे पोचल्यावर ऐकत नव्हते.

बेथ हडनॉल स्टॅम यांनी तयार केलेली तीस विधानांची एक प्रश्नावली आहे, प्रोक्वॉल नावाची. गेल्या तीस दिवसांचा विचार करून प्रत्येक विधानाला एक ते पाच अंक द्यायचे. दहा विधानं कामातून मिळणाऱ्या समाधानाची, दहा बर्नआउटची, दहा दुय्यम आघाताची. ही निदानाची चाचणी नाही, तिच्यावरून कुणाला आजारी ठरवता येत नाही. पण तीन आकडे वेगळे दिसतात, हा तिचा खरा फायदा. माझे समाधानाचे अंक चांगले होते, बर्नआउटचे मधले आणि तिसऱ्या भागाचे चढलेले. अचानक आवाज झाला की दचकण्याबद्दलचं विधान त्या तिसऱ्या भागातलं. मी तिथे पाच लिहिलं, आणि पेन बराच वेळ तिथेच राहिलं.

"सुट्टी घेऊ का?" मी विचारलं.

"घे की. पण परत आल्यावर काय बदललेलं असेल?" मॅडमनी विचारलं आणि माझं वेळापत्रक मागितलं.

आम्ही दोघींनी मोजलं. एक सहकारी दीर्घ रजेवर गेल्यापासून तिच्या केसेस माझ्याकडे आल्या होत्या, आणि तिच्याकडे बहुतेक लहान मुलं गुंतलेली प्रकरणं असत. हिंसेची थेट हकिगत ऐकण्याची माझी सेशन्स आठवड्याला नऊ होती, ती सतरा झाली होती. शिवाय सोयीसाठी ती सगळी मंगळवार-बुधवारी एकापाठोपाठ लावलेली. नोंदी आखडायला लागल्याचा काळ आणि हा बदल यांत तीन आठवड्यांचं अंतर होतं.

इथे मला एका अभ्यासाबद्दल सांगावंसं वाटतं, कारण त्याने माझ्या मनातली बरीच अपराधी भावना काढून टाकली. टेड बोबर आणि शेरिल रेगर यांनी 2006 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या 259 थेरपिस्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विश्रांती, छंद, सुपरव्हिजन अशा गोष्टी उपयोगी पडतात यावर त्या थेरपिस्टांचा विश्वास होता. पण त्या गोष्टींना दिलेला वेळ आणि आघाताची लक्षणं यांत संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो आघातग्रस्त माणसांबरोबर आठवड्याला किती तास घालवले जातात, याच्याशी. हा एकदाच घेतलेला आढावा आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही थकलेल्या काउन्सेलरला "स्वतःची काळजी घ्या" असं सांगून पुढची फाइल हातात देणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. ध्यान करायला माझी हरकत नाही, मी करते. पण सतराचे दहा करणं हे माझ्या श्वासावर अवलंबून नाही, ते वेळापत्रक लावणाऱ्याच्या हातात आहे. आणि थकवा आला याचा अर्थ तुम्ही स्वतःची नीट काळजी घेतली नाही, हा त्या उपदेशातला न बोललेला भाग तर अन्यायाचाच आहे.

मॅडमनी वर बोलून आकडा खाली आणला. एकदम नाही, दोन महिन्यांत, कारण माणसं मध्येच दुसऱ्याकडे सोपवता येत नाहीत. तशी दोन सेशन्स लागोपाठ ठेवायची नाहीत आणि मध्ये पंधरा मिनिटं नोंद लिहिण्यासाठी राखायची, एवढं मात्र लगेच सुरू झालं. ती पंधरा मिनिटं मला आधी चैन वाटली होती. आता वाटतं, ऐकलेलं कागदावर ठेवून उठता आलं नाही तर ते पुढच्या माणसाच्या खोलीत आपल्याबरोबर येतं.

पण तासांचा हिशोब जमला तरी एक प्रश्न उरतोच: तास कमी झाले तरी त्या खोलीत बसून ऐकायचं कसं? मॅडमनी त्यावर विचारलेला प्रश्न मी विसरणार नाही. "ती कडी म्हणाली तेव्हा तुला काय दिसलं?"

मला माझं दार दिसलं होतं. माझ्या खोलीचं, आतून लावलेलं. आणि मुलगी म्हटल्यावर माझी भाची.

"म्हणजे तू तिथे नव्हतीसच," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या घरी होतीस."

मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये यावर एक प्रयोग केला होता. संकटातल्या एका मुलीची कहाणी ऐकवताना काही जणांना सांगितलं, तिला काय वाटत असेल याची कल्पना करा. काही जणांना सांगितलं, तुम्ही तिच्या जागी असता तर तुम्हाला काय वाटलं असतं, ते बघा. कणव दोन्हीकडे जागी झाली. पण स्वतःला त्या जागी ठेवणाऱ्यांमध्ये तिच्याबरोबरच स्वतःची अस्वस्थताही बरीच वाढली. आणि अस्वस्थ माणूस आधी स्वतःची सुटका शोधतो. माझा शाळेबद्दलचा प्रश्न ही ती सुटका होती.

आपल्याला शिकवलं जातं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. रोजच्या माणुसकीला ते पुरतं. पण दिवसाला पाच-सहा जणांच्या जागी स्वतःला ठेवायचं म्हटलं तर स्वतःची जागाच उरत नाही. मग मी वेगळं करायला शिकले, आणि ते अजूनही दर वेळी जमतंच असं नाही. चित्र उमटायला लागलं की त्यात माझं घर, माझी माणसं शिरली आहेत का, हे ओळखायचं. शिरली असतील तर नजर समोरच्या बाईंच्या हातांकडे आणायची, पाय जमिनीला टेकलेले आहेत हे जाणवून घ्यायचं आणि मनात विचारायचं: हिला आत्ता, हे सांगताना, काय होतंय? "मला काय झालं असतं" हा प्रश्न बाजूला पडला की ऐकायला जागा होते. यात कोरडेपणा अजिबात नाही. उलट तेव्हाच ती बाई मला पहिल्यांदा नीट दिसते, तिच्या स्वतःच्या दारासकट.

आणखी एक सवय आम्हाला मोडावी लागली, ती आपापसात बोलण्याची. सेशन संपलं की जो समोर दिसेल त्याला सगळं सांगून टाकायचं, बारीकसारीक तपशिलांसकट, ही आमची रीतच होती. मन मोकळं होतं असं वाटायचं. पण माझं मोकळं होताना दुसरीचं भरत होतं, आणि ती नुकतीच स्वतःचं सेशन संपवून आलेली असायची. आता आम्ही आधी विचारतो: "अगं, एका केसबद्दल बोलायचंय. लहान मूल आहे त्यात. आत्ता ऐकशील, का उद्या?" ती "उद्या" म्हणाली तर उद्या. आणि बोलताना केसचा सगळ्यात भीषण तपशील सांगत नाही, तो ऐकून मला काय झालं ते सांगते. करुणेच्या थकव्यावर लिहिणाऱ्या फ्रान्स्वाज मॅथ्यू यांनी ही पद्धत नीट मांडली आहे: आपण काय सांगणार याचं भान ठेवायचं, पूर्वसूचना द्यायची, होकार घ्यायचा आणि तपशील बेताने सांगायचा. ऐकायला साधं आहे. आम्हाला ते अंगवळणी पडायला तीन महिने लागले.

घरात वर्षानुवर्षं कुणाची तरी शुश्रूषा करणाऱ्यांना यातलं बरंचसं उपलब्ध नसतं, याची मला जाणीव आहे. विस्मरणाचा आजार झालेल्या आईचं करणारी एक मुलगी माझ्याकडे येते. तिला सुपरव्हायजर नाही, दोन सेशनमधली पंधरा मिनिटं नाहीत, आणि आईच्या जागी स्वतःला ठेवू नकोस असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? ती एकदा म्हणाली, "ती रडते तेव्हा मी आता औषधाची वेळ बघते." हेही ते सतरावं मिनिटच. आम्ही तिच्या भावाला बोलावून आठवड्यातल्या दोन रात्री त्याच्याकडे दिल्या. ठरलेल्या, लिहून ठेवलेल्या रात्री, "लागलं तर सांग" अशा नाहीत. तिच्या बाबतीत आजवर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट तीच.

आता त्या बाईंचं सहावं सेशन. त्याआधी मॅडमबरोबर मी तासभर बोलले होते, कारण चूक दुरुस्त करताना आणखी एक चूक होण्याची भीती होती. "मला ते ऐकायला जड गेलं" असं मी प्रामाणिकपणे सांगितलं असतं, तर त्यांनी मला आणखी सांभाळलं असतं. म्हणून वाक्य ठरवलं, आणि तेवढंच म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्ही त्या रात्रीबद्दल सांगत होतात, कडी लावल्याचं. मी घाईने विषय बदलला. ती माझी चूक होती. आज ते सांगायचं असेल तर वेळ आहे. नसेल सांगायचं, तरी चालेल."

त्या बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला नको असेल ऐकायला. माझ्या बहिणीलाही नको असतं."

मी काही बोलले नाही. दार दिसायला लागलं होतं, माझंच. मी त्यांच्या हातांकडे बघितलं.

"मुलगी तिथेच होती, पांघरुणात," त्या म्हणाल्या. "झोपेचं सोंग करत होती. ती जागी आहे हे मला कळत होतं. आणि मला ते कळलंय हे तिलाही कळत होतं. आम्ही दोघी तशाच राहिलो. मारापेक्षा मला तेच आठवतं, ताई. तिचे घट्ट मिटलेले डोळे."

त्या त्याच्या पुढे गेल्या नाहीत, आणि मी ओढलं नाही. त्या रडल्या, थांबल्या, पाणी प्यायल्या. उरलेली दहा मिनिटं आम्ही आजचा दिवस कसा जाईल, घरी कोण आहे, रात्री जाग आली तर काय करायचं, एवढंच बोललो. तेच व्यावहारिक प्रश्न, पण या वेळी सांगून झाल्यानंतर.

पुढच्या पंधरा मिनिटांत मी नोंद लिहिली. पाऊण पान झालं. "घट्ट मिटलेले डोळे" अवतरणात घातलं.

"पुढच्या वेळी इथूनच पुढे," उठताना त्या म्हणाल्या होत्या. शेवटच्या ओळीत मी तेच लिहिलं.